महोदय, फक्त यूटीआर द्या

म्युच्युअल फंडात पैसे घालायला दोन मिनिटं लागतात आणि काढायलाही साधारण तेवढीच. साहित्यनिर्मिती सुरू होते ती काढलेले पैसे खात्यात दिसेनासे झाले की. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छाही दुसऱ्याच्या उचलून पुढे पाठवणारा गृहस्थ त्या रात्री जेवण उरकून लॅपटॉप उघडतो आणि फंड हाऊसला तीन पानी पत्र लिहितो. त्यात आधी आपण निवृत्त कधी झालो ते येतं, मग ही योजना कोणत्या मित्राच्या सांगण्यावरून घेतली ते, मग त्या मित्राबद्दल थोडं, मग पूर्वी पोस्टात सगळं कसं सुरळीत चालायचं ते, मग देशातल्या एकंदर नीतिमत्तेचा आढावा, आणि शेवटी 'योग्य ती कारवाई व्हावी' ही विनंती. कोणावर, कसली आणि किती कारवाई, हे वाचणाऱ्यावर सोपवलेलं असतं. या सगळ्यात फोलिओ क्रमांक तेवढा राहून जातो. माझं म्हणणं असं की हे पत्र जितकं वाचनीय, तितके पैसे उशिरा. आणि ते लिहायचंच तर इतकं रूक्ष लिहावं की घरच्यांनाही ते शेवटपर्यंत वाचवू नये.

याचं कारण पत्र कोण वाचतो यात आहे. आपल्या डोळ्यांसमोर एक साहेब असतात. काचेची केबिन, समोर चहा, आपलं पत्र वाचता वाचता त्यांची मान खाली जात चालली आहे, वगैरे. प्रत्यक्षात युनिटांचा हिशेब फंड हाऊस स्वतः ठेवतच नाही. ते काम रजिस्ट्रारकडे असतं, आणि आपल्याकडे बहुतेक फंडांचं हे काम कॅम्स आणि केफिनटेक या दोनच संस्था करतात. तिथे पत्र उघडणाऱ्या मुलासमोर संगणकाच्या पडद्यावर एक चौकोन असतो आणि त्या चौकोनाला फोलिओ क्रमांक हवा असतो. नीतिमत्तेसाठी चौकोन नसतो. त्यामुळे तीन पानांना उत्तर येतं ते तीन ओळींचं: 'प्रिय गुंतवणूकदार, आपल्या पत्राबद्दल आभार. कृपया आपला फोलिओ क्रमांक कळवावा.' यावर आपण आणखी तीन पानं लिहितो. यात त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला आपल्या आयुष्यात रस असण्याची अट त्याच्या नेमणूकपत्रात नसते.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. 'वेळेत पैसे आले नाहीत' हे वाक्य लिहिण्यापूर्वी वेळ म्हणजे किती हे माहीत असावं लागतं, आणि इथेच आपल्यापैकी बहुतेकांची विकेट पडते. सेबीनं २५ नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकानं ही मुदत ठरवून दिली आहे: रिडेम्प्शनच्या तारखेपासून तीन कामकाजाचे दिवस. त्याआधी ती दहा होती. ज्या योजनांचा किमान ८० टक्के पैसा परदेशात गुंतवलेला असतो त्यांना पाच दिवस मिळतात. मुदत चुकली तर फंड हाऊसनं वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यायचं, आणि तेही योजनेच्या पैशातून नव्हे, स्वतःच्या खिशातून. वाचायला हे अगदी सोपं आहे. फसवणूक होते ती 'रिडेम्प्शनची तारीख' आणि 'कामकाजाचे दिवस' या दोन ठिकाणी, आणि ती फंड हाऊस करत नाही, आपली आपणच करून घेतो.

समजा, एक काका आहेत. गौरी-गणपतीसाठी त्यांना शेअर बाजारातल्या एका साध्या इक्विटी योजनेतून दोन लाख रुपये काढायचे आहेत. २०२५ सालचं उदाहरण घेऊ, कारण त्या वर्षी गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला आली आणि तिनं हिशेबात रंगत आणली. काकांनी गुरुवारी, २१ ऑगस्टला मोबाईलवरून विनंती नोंदवली. दुपारी जेवून, थोडं पडून, चहा घेऊन, म्हणजे ३ वाजून १० मिनिटांनी. पण कट-ऑफ असतो दुपारी ३ चा. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं काकांनी युनिटं विकली ती गुरुवारी नव्हे, तर शुक्रवारी, २२ तारखेला, शुक्रवारच्या एनएव्हीनं. शनिवार-रविवार कामकाजाचे दिवस नाहीत. सोमवार २५ हा पहिला, मंगळवार २६ हा दुसरा, बुधवारी गणपती आले म्हणून बाजार आणि बँका बंद, आणि गुरुवार २८ हा तिसरा. म्हणजे मुदत संपते ती बाप्पा घरात येऊन दुसऱ्या दिवसाची आरती झाल्यावर. तीच विनंती दुपारच्या झोपेआधी गेली असती तर मुदत मंगळवारी, २६ तारखेलाच संपली असती. दहा मिनिटांना दोन दिवस, हा दर सावकारालाही जमलेला नाही.

काकांचा हिशेब अर्थातच निराळा असतो. गुरुवारी विकले, शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. रविवारी रात्री नऊला ते पत्राला बसतात. विषय: 'नियमांची उघड पायमल्ली'. सेबी, अर्थमंत्री आणि एका वर्तमानपत्राचे संपादक यांना प्रती. ज्या क्षणी हे पत्र रवाना होतं, त्या क्षणी फंड हाऊसच्या मुदतीचा पहिला दिवससुद्धा उजाडलेला नसतो. याचा तोटा नुसता हसं होण्यापुरता नाही. या पत्राला 'आपली रक्कम विहित मुदतीत जमा होईल' असं अगदी खरं उत्तर मिळतं आणि तक्रार बंद होते. नंतर खरोखरच मुदत टळली तर काकांना नव्यानं तक्रार करायची असते, पण तोवर त्यांचा शब्दसंग्रह संपलेला असतो.

कोणी म्हणेल, इतकं काटेकोर कशाला, बहुतेक फंड तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतही नाहीत. हे खरं आहे. शेअर बाजाराचा व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होऊ लागल्यावर, फेब्रुवारी २०२३ पासून, फंडांनी इक्विटी योजनांचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी द्यायला सुरुवात केली, आणि कर्जरोख्यांच्या योजनांचे त्याहूनही लवकर येतात. पण दुसरा दिवस ही त्यांनी लावलेली चांगली सवय आहे आणि तिसरा दिवस हा नियम आहे. सवय मोडली म्हणून विचारपूस करता येते. व्याज मागता येतं ते नियम मोडल्यावरच. शेजारी नेहमी सातला फिरायला निघतात आणि आज साडेसात झाले म्हणून पोलिसांत जात नाहीत, हे काकांना शेजाऱ्यांच्या बाबतीत लगेच पटतं.

आता समजा गुरुवार, २८ तारीखही गेली. शुक्रवारी सकाळी खातं पाहिलं, पैसे नाहीत. आता तक्रार रास्त आहे. आणि आता काका पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फोन. फोनवरचा संवाद साधारण सगळ्यांचा सारखाच होतो.

'माझे पैसे आले नाहीत.'

'सर, आपली रिडेम्प्शन विनंती यशस्वीपणे प्रोसेस झालेली आहे.'

'म्हणजे पैसे पाठवले?'

'सर, प्रोसेस झालेली आहे.'

'अहो, पण पैसे?'

'सर, आपण चोवीस ते अठ्ठेचाळीस तास प्रतीक्षा करावी. मी आपली आणखी काही मदत करू शकतो का?'

या 'आणखी'वर काकांचा रक्तदाब वाढतो आणि पुढचं संभाषण छापण्याजोगं राहत नाही. पण पलीकडचा माणूस खोटं बोलत नाही, ही यातली खरी अडचण आहे. विनंती प्रोसेस होणं म्हणजे फोलिओतून युनिटं वजा होणं आणि त्यांना एनएव्ही लागणं. 'आपले रिडेम्प्शन झाले' असा जो मेसेज मोबाईलवर येतो तोही तेवढंच सांगतो. पैसे रजिस्ट्रारच्या सांगण्यावरून फंडाच्या बँकेतून निघणं ही त्यानंतरची वेगळी पायरी, आणि ते आपल्या बँकेत उतरून खात्यात जमा होणं ही आणखी वेगळी. आपण विचारतो तिसऱ्या पायरीबद्दल आणि उत्तर मिळतं पहिल्या पायरीबद्दल. असं दिवसभर चालू शकतं आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून माझा सगळा आग्रह एका प्रश्नावर आहे. 'पैसे कधी येतील?' असं विचारू नये. 'यूटीआर क्रमांक द्या' असं लिहावं. बँकेतून एनईएफटीनं पैसे निघाले की त्या व्यवहाराला अक्षरं आणि आकडे मिळून १६ चिन्हांचा एक क्रमांक पडतो, तो यूटीआर. रजिस्टर्ड पत्राच्या पावतीसारखं हे आहे: पावती असेल तर पत्र पोस्टाच्या खिडकीवर दिलं गेलं, नसेल तर लिहिणाऱ्याच्या टेबलावरच आहे. 'पैसे कधी येतील' याला 'लवकरच' हे उत्तर देता येतं. यूटीआरला 'लवकरच' म्हणता येत नाही. तो एक तर असतो नाही तर नसतो, आणि तो विचारल्याबरोबर उत्तर देणाऱ्याला खुर्चीतून उठून, निदान पडद्याचं दुसरं पान उघडून, पाहावं लागतं. काकांच्या तीन पानांनी जे होत नाही ते या एका ओळीनं होतं.

आणि या उत्तरावर कोणाशी भांडायचं हे ठरतं, जे आपल्याकडे भांडण सुरू झाल्यावर ठरवायची पद्धत आहे. यूटीआर नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत. उशीर फंड हाऊसचा, आणि १५ टक्क्यांचं घड्याळ चालू. यूटीआर असेल, तर तो घेऊन आपल्या बँकेत जायचं. एनईएफटीचे व्यवहार चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी चालतात, आणि तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत पैसे खात्यात जमा करायचे, नाहीतर परत पाठवायचे, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलेलं आहे. बँकेनं दिरंगाई केली तर तिला रेपो दराच्या वर दोन टक्के व्याज द्यावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये रेपो साडेपाच होता, म्हणजे साडेसात टक्के. एकाच उशिराचे दोन भाव आहेत, आणि कोणता लागू हे सांगणारा पुरावा तो १६ चिन्हांचा. काका मात्र फंड हाऊसकडून बँकेची चूक वदवून घेऊ पाहतात आणि बँकेच्या खिडकीवरच्या मुलीला एनएव्हीबद्दल फैलावर घेतात. ती बिचारी पासबुक छापायला बसलेली असते.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी ठरते, म्हणून तिच्याबद्दल कोणाला बोलायला आवडत नाही. यूटीआर असतो, पैसे निघालेले असतात, आणि ते परत आलेले असतात. काकांनी फोलिओ उघडला तेव्हा त्यांचं खातं होतं कोपऱ्यावरच्या देना बँकेत. १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. समजा, पुढे कोपऱ्यावरची शाखाही लांबच्या शाखेत गेली, तेव्हा काकांनी बाणेदारपणे ते खातंच बंद केलं आणि दुसऱ्या बँकेत उघडलं. हा बाणेदारपणा त्यांनी गॅसवाल्याला कळवला, विमेवाल्याला कळवला, सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा कळवला. फंड हाऊसला कळवायचं राहिलं. त्यामुळे फंड हाऊस मंगळवारी, गणपतीच्या आदल्या दिवशी, अगदी वेळेआधी दोन लाख रुपये पाठवतं, ते एका न उरलेल्या खात्याचं दार वाजवतात आणि परत फिरतात. अशा वेळी चूक कोणाची यावर काकांशी वाद घालू नये, सणासुदीचे दिवस असतात. पण उपाय पत्र नव्हे, बँक बदलाचा अर्ज हा आहे: नव्या खात्याचा नाव छापलेला रद्द चेक जोडायचा, आणि तो देऊनही लगेच पैसे येतील असं धरून चालायचं नाही, कारण कोणी भलताच माणूस आपलं खातं घुसवू नये म्हणून अशा बदलानंतर फंड हाऊस काही दिवस थांबून खात्री करून घेतं. आपल्याच पैशाच्या रक्षणासाठी आपल्यालाच थांबवलं जातं, याचा राग येणं स्वाभाविक आहे. तो सुरक्षित राग आहे एवढंच.

आणि हे पैसे असेच पडून राहिले तर? ते बुडत नाहीत. दावा न केलेली रक्कम म्हणून फंड हाऊस ती वेगळी काढून अल्प मुदतीच्या सुरक्षित ठिकाणी गुंतवतं. तीन वर्षांच्या आत मागितली तर तोवरच्या उत्पन्नासह मिळते. त्यानंतर मागितली तर मुद्दल आणि पहिल्या तीन वर्षांचं उत्पन्न मिळतं, आणि पुढचं उत्पन्न गुंतवणूकदारांच्या प्रबोधनासाठी खर्च होतं. म्हणजे खातं बदललं की कळवावं, हे लोकांना सांगणाऱ्या कार्यक्रमाचा काही खर्च न कळवणाऱ्यांच्या पैशातून निघू शकतो. सरकारी योजनेत इतका चोख न्याय क्वचित सापडतो.

तर पत्र कसं असावं? माझ्या मते असं: 'फोलिओ क्रमांक अमुक. योजनेचं नाव तमुक, ग्रोथ पर्याय. २१ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी ३.१० ला ₹२,००,००० च्या रिडेम्प्शनची विनंती नोंदवली, तिचा संदर्भ क्रमांक अमुक. २२ ऑगस्टची एनएव्ही लागू झाली. तीन कामकाजाचे दिवस २८ ऑगस्टला संपले. नोंदवलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक. त्या खात्यात २९ ऑगस्टच्या सकाळपर्यंत रक्कम जमा नाही, उतारा जोडला आहे. कृपया यूटीआर क्रमांक आणि पाठवल्याची तारीख कळवावी. रक्कम पाठवली नसल्यास कारण कळवून, २८ ऑगस्टनंतरच्या दिवसांच्या १५ टक्के व्याजासह पाठवावी.' संपलं. यात विशेषण नाही. पूर्ण खाते क्रमांक नाही, कारण पत्रं कुठेकुठे फिरतात. पासवर्ड आणि ओटीपी नाही, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण काका मदत व्हावी म्हणून ते देतात. पत्र रजिस्ट्रारला जातंच. त्याची एक प्रत फंड हाऊसच्या गुंतवणूकदार संपर्क अधिकाऱ्याला द्यावी. त्याचं नाव आणि ईमेल योजनेच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्या माहितीपत्रकात, जे आपण 'वाचले व समजले' अशी खूण करून कधीच उघडलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: इतकं कोरडं लिहिलं तर त्यांना आपली अडचण कशी कळणार? गणपती आहेत, गौरी आहेत, मखरवाला दारात उभा आहे. कळणार नाही, हे मी मान्य करतो. पण कळलं तरी त्या माणसाकडे दया दाखवायचं बटण नाही. त्याच्याकडे आहे ते 'पेमेंट स्थिती' नावाचं बटण, आणि ते दाबायला त्याला मखरवाल्याचा आधार लागत नाही. उलट पत्रात सण आला की उत्तरातही सण येतो. 'आपल्याला व आपल्या कुटुंबीयांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा' या ओळीनं उत्तराची सुरुवात होते आणि तिथेच त्याचा जीव संपतो.

दुसरा आक्षेप: हे सगळं आपण का करायचं, एजंट कशासाठी आहे? एजंटनं जरूर करावं, आणि चांगला एजंट करतोही. पण त्याचं कमिशन आपण फंडात ठेवलेल्या रकमेवर चालतं आणि आपण काढलेली रक्कम त्याच क्षणी त्याच्या कमिशनातूनही निघालेली असते. त्यामुळे 'बघतो, बोलतो, उद्या फोन करतो' हे त्याचं वाक्य पैसे घालताना म्हटलेल्या 'आत्ता येऊ का?' पेक्षा थोडं संथ निघालं तर त्याला माणूस म्हणून समजून घ्यावं. पत्र मात्र आपल्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच जावं; दुसऱ्याच्या पत्त्यावरून गेलेल्या तक्रारीला 'कृपया नोंदणीकृत ईमेलवरून लिहावे' हे उत्तर मिळतं, आणि एक दिवस तसाच जातो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो विनोदात उडवून लावणं मला योग्य वाटत नाही. उशीर झाला की लोक घाबरतात, आणि घाबरायला इतिहास आहे. जुलै २००१ मध्ये यूटीआयनं यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली तेव्हा कित्येक मध्यमवर्गीय घरांतली जमा अडकली होती. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टननं कर्जरोख्यांच्या सहा योजना गुंडाळल्या. 'फंड बुडाला तर नाही?' हा प्रश्न म्हणून वेडगळ नाही. पण दोन्ही वेळा काय घडलं ते पाहा. जाहीर निवेदन निघालं, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं, सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी थांबले. फंड अडचणीत येतो तो चारचौघांत येतो. तो एकट्या काकांचे दोन लाख गुपचूप दाबून, त्याच योजनेतले शेजारच्या काकूंचे तेवढेच पैसे वेळेवर देत नाही. शेजारच्या काकूंना मिळाले असतील तर गडबड योजनेत नाही, फोलिओत आहे. ही तपासणी फुकट आहे, फक्त त्यासाठी काकूंना आपण पैसे काढल्याचं सांगावं लागतं, आणि काका नेमके तिथे अडतात.

पत्रालाही दाद मिळाली नाही तर पुढची पायरी scores.sebi.gov.in. तिथे आधी फंड हाऊसला लिहिलेलं असावं लागतं, आणि आता ते रूक्ष पत्र जसंच्या तसं चिकटवता येतं, हा त्याचा आणखी एक फायदा. फंड हाऊसला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागता येते, ती आधी फंडांची संघटना अ‍ॅम्फी करते आणि तिथेही समाधान झालं नाही तर सेबी. बहुतेक प्रकरणं मुळात तिथवर पोहोचत नाहीत. तक्रार क्रमांक पडला हे कळताच कार्यालयांत जी चपळाई येते ती आधी कुठे होती, हा प्रश्न विचारायचा मोह होतो, पण तो विचारायला पुन्हा पत्र लिहावं लागेल.

शेवटचा आक्षेप रकमेचा. समजा काकांच्या प्रकरणात खातं नीट होतं, यूटीआर नव्हता, चूक फंड हाऊसची होती आणि पैसे गुरुवारी, ४ सप्टेंबरला आले. २८ ऑगस्टनंतर सात दिवसांचा उशीर. दोन लाखांवर १५ टक्के म्हणजे वर्षाला तीस हजार, दिवसाला ८२ रुपये १९ पैसे, सात दिवसांचे ५७५ रुपये ३४ पैसे. एवढ्यासाठी इतकी यातायात? मला वाटतं, हो, आणि रक्कम हे कारणच नाही. हे व्याज फंड हाऊसच्या खिशातून जातं आणि असं व्याज किती दिलं याची माहिती त्याला सेबीला कळवावी लागते. आपण न मागता आलेल्या मुद्दलावर समाधानी राहिलो तर तो उशीर कागदावर झालेलाच नसतो. ५७५ रुपयांची नोंद मात्र कोणाला तरी भरावी लागते, तिच्यावर सही करावी लागते, आणि पुढच्या बैठकीत तिचं कारण सांगावं लागतं. तीन पानी पत्रातली सगळी विशेषणं मिळून एवढं साधत नाहीत.

व्याज देताना ते कोणत्या दरानं आणि किती दिलं हेही फंड हाऊसनं कळवायचं असतं. तसं पत्र काकांना येतं. काका ते दोनदा वाचतात, चष्मा पुसून पैशांपर्यंत ताडून पाहतात, आणि मुद्दलात दोन रुपये कमी आले आहेत हे त्यांच्या लक्षात येतं. तो इक्विटी युनिटांच्या विक्रीवरचा रोखे व्यवहार कर, ०.००१ टक्का, अगदी कायदेशीर. त्याबद्दलचा मसुदा ते मोठ्या कष्टानं बाजूला ठेवतात, कारण आता त्याहून मोठं काम निघालेलं असतं. हे व्याज म्हणजे उत्पन्न, आणि ते विवरणपत्रात 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात दाखवायचं. चार्टर्ड अकाउंटंटला त्यांनी तसं लिहून पाठवलं आहे. पत्र तीन पानी आहे, गणपतीपासून सुरू होतं, आणि त्यात पॅन क्रमांक नाही.